माणसं मिळत नाहीत आणि मजुरीही वाढत नाही: किमान वेतन सल्लागार मंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्य किमान वेतन सल्लागार मंडळाचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

किमान वेतनाचा मसुदा निघाला आणि हरकती मागवल्या की मालकांच्या बाजूने एक वाक्य ठरल्यासारखं येतं: "ग्रामीण भागात दर वाढवलात तर कारखाने माणसं कमी करतील." हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं गेलंय की त्याचा पुरावा मागायचं कुणाच्या मनातही येत नाही. मला ते मान्य नाही. शहरातल्या बाजारपेठेत ते काही वेळा खरं असेलही. पण ज्या तालुक्यात बायकांना काम देणारा कारखाना एकच आहे, तिथे ते बहुतेकदा उलटं निघतं, आणि का उलटं निघतं हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी कोकणातल्या एका काजू कारखान्यात अनेक वर्षं हजेरी आणि पगारपत्रक लिहिलं. कारखान्याचं नाव इथे घेत नाही, घ्यायची गरजही नाही. आमच्याकडे असे कारखाने तालुक्यातालुक्यात आहेत. बी वाळवायची, बॉयलरवर वाफवायची, कटिंगच्या टेबलावर एकेक फोडायची, गर ड्रायरमध्ये सुकवून त्याची साल काढायची आणि मग प्रतवारी. बॉयलरचं काम सोडलं तर जवळजवळ सगळं बायकांच्या हातांनी होतं. फोडताना टरफलातलं तेल बोटांना लागतं आणि कातडी जळते, म्हणून हातांना राख नाहीतर खोबरेल चोळून बसायचं.

या बायका मजुरी कमी वाटली तरी दुसरीकडे का जात नाहीत, असं शहरातली माणसं विचारतात. कारण दुसरीकडे म्हणजे कुठे? पुढचा कारखाना पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. सकाळची एसटी मुलं शाळेत जायच्या आधी सुटते आणि संध्याकाळची अंधार पडल्यावर येते. घरी म्हातारी सासू, गोठ्यात एखादी म्हैस, जून-जुलैत लावणी. पायी जाण्याच्या अंतरावर किंवा कारखान्याच्या गाडीने जे काम मिळेल तेच काम. मालकालाही हे ठाऊक असतं. तो वाईट माणूस असायला लागत नाही. मजुरी ठरवताना समोर दुसरा बोली लावणारा नाही, एवढं पुरतं.

आता माझी पहिली तक्रार. बहुतेक उद्योगांत राज्याचं दरपत्रक परिमंडळांत वाटलेलं असतं. साधारणपणे महापालिका क्षेत्रं पहिल्या परिमंडळात, मोठ्या नगरपालिका दुसऱ्यात आणि उरलेला महाराष्ट्र तिसऱ्यात. सर्वांत कमी दर तिसऱ्याला. युक्तिवाद असा की खेड्यात राहणीमान स्वस्त आणि उद्योग नाजूक. राहणीमानाबद्दल एकवेळ वाद घालता येईल (तेल, डाळ, औषधं आणि मोबाइलचा रिचार्ज आमच्याकडे कुणी स्वस्तात देत नाही). पण दुसरा भाग तपासायला हवा. काम देणारे जिथे सर्वांत कमी, तिथेच कायद्याचा आधारही सर्वांत कमी ठेवलाय. मालकांमधल्या स्पर्धेने मजुरी वर जाण्याची शक्यता शहरात असते, खेड्यात नसते. हे दरपत्रक नेमकं उलट्या टोकाने धरलेलं आहे.

दुसरी तक्रार, आणि या पत्राचं मुख्य कारण. "माणसं कमी होतील" हे म्हणणारेच मालक त्याच तोंडाने "माणसं मिळत नाहीत" असंही म्हणतात. आमच्या कटिंगच्या हॉलमध्ये टेबलं नेहमी रिकामी असायची. गाडीवर फलक लावलेला असायचा, 'महिला कामगार पाहिजेत'. वर्षानुवर्षं तोच फलक, तोच दर. ज्या मालाची टंचाई असते त्याचा भाव वाढतो हा बाजाराचा साधा नियम. मग इथे टंचाई कायम आणि भाव जागचा जागी, हे कसं? याचं उत्तर पगारपत्रकात आहे, आणि ते मी आकड्यांनी मांडते. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी गोल घेतले आहेत. हे कोणत्याही एका कारखान्याचं पुस्तक नाही.

समजा रोज 300 रुपये दराने 100 बायका कामावर येतात. आणखी बायका हव्या असतील तर लांबच्या वाड्यांतून आणाव्या लागतील आणि त्या 300 वर येणार नाहीत. धरू की प्रत्येक जादा बाईसाठी दर 2 रुपयांनी वाढवावा लागतो: 101 वी बाई 302 ला येईल, 110 वी 320 ला. आता 101 व्या बाईच्या हातून कच्ची बी, वीज, डबे हे सगळं वजा जाता दिवसाला 499 रुपयांचं काम होतं. ती मागते 302. कुणीही म्हणेल, घ्या तिला कामावर.

मालक घेत नाही, आणि त्याच्या बाजूने त्याचं गणित चुकत नाही. कारण 302 तिला एकटीला देता येत नाहीत. एका टेबलावर शेजारी बसून तेच काम करणाऱ्या बायकांत दोन दर चालत नाहीत. दुपारच्या डब्यापर्यंत ते सगळ्यांना कळतं आणि संध्याकाळी ऑफिसच्या दारात घोळका उभा राहतो. म्हणजे आधीच्या 100 जणींनाही 2 रुपये वाढवून द्यायचे. 101 वी बाई मालकाला पडते 302 अधिक 200, म्हणजे 502 रुपयांना. काम 499 चं. तीन रुपयांचा तोटा. टेबल रिकामं राहतं, फलक गाडीवर राहतो, आणि 302 रुपयांना यायला तयार असलेली बाई घरी राहते.

मालकांनी हे असं कागदावर कधी मांडलेलं नसतं, पण त्यांना ते अंगवळणी असतं. "एकीला वाढवलं की सगळ्यांना वाढवायला लागतं" हे वाक्य मी पगाराच्या आदल्या दिवशी कितीदा ऐकलंय. म्हणून तर लांबच्या बाईला दर वाढवून न देता गाडीची सोय देतात, चतुर्थीला उचल देतात, एखादीला गुपचूप प्रतवारीच्या हलक्या कामावर बसवतात. दर न हलवता माणूस आणण्याचे हे सगळे मार्ग आहेत.

आता यात किमान वेतन आणा. समजा तुम्ही दर 340 ठरवला आणि तो खरोखर पाळला गेला. 340 ला 120 बायका यायला तयार आहेत. मालकाला आधीच्या 100 जणींना 340 द्यावेच लागणार, त्यात त्याची निवड उरली नाही. पण म्हणूनच 101 वी बाई आता त्याला 340 लाच पडते, 502 ला नाही. तिच्यामुळे दुसऱ्या कुणाचा दर वाढत नाही, तो आधीच वाढलेला आहे. काम 499 चं, खर्च 340. मालक तिला घेईल. 102 वीलाही घेईल. प्रत्येक जादा बाईच्या कामाची किंमत थोडी घसरते असं धरू, माणसामागे 2 रुपयांनी, कारण ड्रायर तेवढाच आणि बॉयलर तोच. तरी 120 व्या बाईचं काम जवळपास 460 चं उरतं. तो सगळ्या 120 घेईल आणि तिथेच थांबेल, कारण 340 ला येणारी आणखी कुणी नाही. मजुरी वाढली आणि रोजगारही वाढला. कुणाच्या दयेने नाही, मालकाच्याच नफ्याच्या हिशेबाने.

मग मालकाचं नुकसान किती? याच आकड्यांत, 100 बायका असताना मजुरी देऊन त्याच्या हाती दिवसाला 30,000 राहतात. त्यातून बॉयलरचं कर्ज, भाडं, व्यवस्थापन आणि नफा. 340 दराने 120 बायका झाल्यावर राहतात 28,800. म्हणजे 1,200 रुपये गेले. बायकांच्या पदरात मात्र 30,000 ऐवजी 40,800 पडले. मालकाचं नुकसान शून्य आहे असं मी म्हणणार नाही. शून्य असतं तर त्याने हे आपणहून केलं असतं आणि तुमच्या मंडळाची गरजच नव्हती.

आणि याला मर्यादा आहे, तीही सांगते, नाहीतर मालकांचे प्रतिनिधी सांगतीलच. दर 400 केला तर या हिशेबात 150 बायका लागतात. तो शिखराचा आकडा. त्यापुढे 440 केला तर यायला 170 तयार, पण मालकाला परवडतात 130. अजूनही मूळच्या 100 पेक्षा जास्त, पण 40 जणी गेटवरून परत जाणार. 500 ला आपण पुन्हा 100 वर येतो. 520 केला तर 90, म्हणजे जी भीती दाखवली जाते ती तिथे खरी होते. शिवाय शिखराच्या 400 लाही मालकाच्या हातचे 30,000 चे 22,500 होतात. ज्याचा कर्जाचा आणि बांधलेला खर्चच 25,000 चा असेल तो कुलूप लावेल आणि मग 150 चं शून्य होईल. म्हणून "जितकं जास्त तितकं चांगलं" असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की 300 आणि 500 च्या मध्ये मोठा पट्टा आहे, आणि तो असेल तर दर वाढवून माणसं कमी होत नाहीत. तुमचं काम तो पट्टा कुठे संपतो हे शोधण्याचं आहे. पट्टा नाहीच असं धरून चालणं हे काम टाळणं आहे.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. 1992 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची 410 फास्ट फूड दुकानं वाढीआधी आणि नंतर तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झालेल्या त्यांना आढळल्या नाहीत. त्यावर पुढे बरीच वर्षं वाद झाले, पण "वाढवलं की कमी होणारच" ही खात्री तिथून गेली. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं.

मला मात्र त्याहून जवळचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण त्याचं मूळ आपल्याच रोजगार हमी योजनेत आहे. पूर्वीच्या आंध्र प्रदेशात रोहयोची मजुरी स्मार्टकार्डवर द्यायला सुरुवात झाली तेव्हा कोणत्या मंडलात आधी आणि कोणत्या नंतर, हे सोडत काढून ठरवलं गेलं. त्यामुळे दोन्हीकडची तुलना करता आली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांचा त्यावरचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे रोहयोची मजुरी नीट मिळू लागली तिथे गरीब कुटुंबांचं उत्पन्न 14 टक्क्यांनी वाढलं. पण त्या वाढीतला फक्त सातवा हिस्सा रोहयोच्या पैशाचा होता. बाकीचा खाजगी कामातून आला, कारण शेतावरची आणि इतर मजुरी वाढली. आणि मजुरी वाढूनही खाजगी काम कमी झालं नाही, वाढलं. कुठे जास्त वाढलं? ज्या गावांत जमीन थोड्या हातांत एकवटलेली होती तिथे. म्हणजे जिथे काम देणारे थोडे, तिथेच. तो किमान वेतनाचा कायदा नव्हता हे खरं. पण मजुराला "नाही" म्हणायची सोय झाली आणि तिने मजुरीला खालून टेकू दिला. कायद्याचा दरही तेच करतो.

मालक कोल्लमचं नाव काढतील. काढू देत. केरळात काजूची मजुरी वाढत गेली आणि कारखानदारांनी प्रक्रिया सीमेपलीकडे तमिळनाडूत हलवली, हे खरं आहे आणि तिथल्या बायकांनी त्याची किंमत मोजली. कच्ची बी आफ्रिकेतून येते, गराला व्हिएतनामची स्पर्धा आहे, तेव्हा कारखाना हलवता येतो. पण त्यातून निघणारा धडा दर खाली ठेवण्याचा नाही, सीमेच्या दोन्ही बाजूंना दर जवळपास ठेवण्याचा आहे. आमच्या बाजूला गोवा आणि बेळगाव-खानापूर आहेत. वेतन संहितेत केंद्राने ठरवायच्या तळवेतनाची तरतूद आहे आणि कोणत्याही राज्याला त्याखाली जाता येत नाही. तो तळ नावापुरता नसेल तर कोल्लमसारखी पळवाट अरुंद होते. तिथे तुमच्या मंडळाने राज्याच्या वतीने आवाज चढवायला हवा.

आणि माझा हिशेब सगळीकडे लावू नका हेही सांगते. इचलकरंजीत हजारो लहान यंत्रमागधारक आहेत. एकाने कमी दिलं तर कामगार गल्ली ओलांडून दुसऱ्याकडे जातो. तिथे दर वाढवण्याची कारणं वेगळी असतील, पण रोजगार वाढेल हे कारण तिथे तितकं बसणार नाही.

तिसरी तक्रार वजनाच्या मापाची. काजूत मजुरी बहुतेकदा किलोवर असते. दिवसाचा दर वाढला की काही कारखाने दर पाळल्याचं दाखवतात आणि दिवसाचं वजन वाढवतात: आधी ज्या वजनावर रोजंदारी पूर्ण धरली जायची त्याऐवजी जास्त वजन मागायचं. हजेरीपटात सही 340 ची, पण वजन भरलं नाही म्हणून हातात 290. कागदावर कायदा पाळला गेला, हातातली मजुरी मात्र वाढली नाही, म्हणून रोजगारही वाढला नाही. मग वर्षाने कुणीतरी म्हणतं, "बघा, दर वाढवून काही फरक पडला नाही." घाईत फोडलेल्या बीचे तुकडे पडतात आणि पूर्ण गराला व पाकळीला मिळणाऱ्या भावात मोठी तफावत असते, त्यामुळे वजन वाढवून मालकाचंही फार भलं होत नाही. पण तो हिशेब प्रतवारीच्या टेबलावर कळतो, ऑफिसात नाही.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

"माणसं कमी होतील" हा दावा मंडळासमोर करणाऱ्या प्रत्येक संघटनेकडून तीन कागद मागा: मागच्या दोन वर्षांचे हजेरीपट, एकूण बसण्याच्या जागा किती आणि त्यातल्या भरलेल्या किती, आणि दर महिन्याला किती जणी काम सोडून गेल्या. जागा रिकाम्या आणि दर न हललेला असेल तर तो कारखाना पट्ट्याच्या आत आहे, त्याचा दावा मान्य करू नका. गेटवर कामासाठी आलेल्या बायका परत पाठवल्या जात असतील तर तो शिखराच्या पलीकडे आहे. तिथे माझंही म्हणणं थांबतं.

ग्रामीण परिमंडळाचा दर ठरवताना गावाची लोकसंख्या किंवा नगरपालिकेचा वर्ग पाहू नका. रोज जाऊन येण्याच्या अंतरात तेच काम देणारे मालक किती आहेत ते पाहा. जिथे एक किंवा दोन असतील तिथे दर दुसऱ्या परिमंडळाच्या बरोबरीने आणा. एकदम नको असेल तर दोन टप्प्यांत आणा, पण टप्प्यांच्या तारखा आधीच जाहीर करा, म्हणजे मालकाला ऑर्डर आणि कर्जाचं जुळवता येईल.

वजनाचं माप कारखान्याने ठरवू नये. सरासरी अनुभवाच्या बायका आठ तासांत, जेवणाची आणि हात धुवायची सुट्टी धरून, किती फोडतात आणि किती सोलतात हे निरीक्षकासमोर मोजलं जावं, बीच्या आकारानुसार वेगळं नोंदलं जावं आणि हॉलमध्ये मराठीत लावलं जावं. वजन काहीही भरो, हजर राहिलेल्या बाईला वेळेच्या हिशेबाचा किमान दर मिळालाच पाहिजे आणि तो तिच्या बँक खात्यात जमा झाला पाहिजे.

आणि नवीन दर लागू झाल्यावर सहा महिन्यांनी तालुकावार आकडे प्रसिद्ध करा: हजेरी वाढली की घटली, रिकाम्या जागा किती भरल्या, किती कारखाने बंद पडले. दर पाच वर्षांच्या आत पुन्हा तपासायचा हे कायद्यातच आहे. त्या वेळी आमच्या हाती मालकांच्या निवेदनाऐवजी हे आकडे असावेत. एखाद्या तालुक्यात माझं म्हणणं खोटं ठरलं तर तेही त्याच कागदावर छापा.

कळावे,

आपली नम्र,
काजू कारखान्यातली एक निवृत्त हजेरी कारकून, सिंधुदुर्ग